ऑपरेशन वीस मिनिटांचं, रजा मात्र...

एका दिवसाची किरकोळ रजा टाकून आईला गंगाखेडहून नांदेडला आणलं. मोतीबिंदू काल वीस मिनिटांत निघाला, पण पट्टी सोडून डोळा तपासणार आज सकाळी. म्हणजे मुक्काम आला, अन् रजा वाढवायला साहेबांना फोनही. आधी विचारलं नाही, चूक माझीच.

आज थेंबांच्या दोन बाटल्या दिल्या. दोन्हींत पाच मिनिटांचं अंतर ठेवायचं, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. डोळा दुखला, लाल झाला, नजर कमी झाली तर लगेच यायचं. आठवड्यानं पुन्हा तपासणी, म्हणजे अजून एक रजा!

एसटीत काळा चष्मा वर करून आई माझ्याकडं बघतच राहिली. "बाळा, दाढी एवढी पांढरी कधी झाली रे तुझी?"