जाड नळकांडं सपाट, बारीक खोलगट

आमच्या प्रयोगशाळेत धातूच्या ओतीव भागांचं एक्स-रे सीटी स्कॅनिंग होतं. आत पोकळ्या आहेत का, कुठे आहेत, केवढ्या आहेत, एवढंच ग्राहकाला हवं असतं. यंत्र बाहेरून घेतलेलं आहे. अनेक कोनांतून घेतलेल्या एक्स-रे सावल्यांवरून आतला छेद गणिताने उभा करणारा, म्हणजे पुनर्रचनेचा, प्रोग्राम मात्र मी येण्याआधी इथेच कुणीतरी लिहिला आणि तो गृहस्थ निघून गेला. तेव्हापासून त्या फाइलला कुणी हात लावलेला नव्हता, कारण ‘चालतंय ना!’

मध्यंतरी एका ग्राहकाने एकाच अॅल्युमिनियमची दोन भरीव नळकांडी पाठवली. डिटेक्टरच्या ५१२ रकान्यांपैकी जाडाची सावली ४०० रकाने व्यापत होती आणि बारीकाची १००. पुनर्रचित छेदावर मधोमध एक आडवी रेघ ओढून तिच्यावरची करडी मूल्यं पाहिली. जाडाची मूल्यं जवळजवळ सपाट होती. बारीकाची मधे थोडी, पण स्पष्टपणे खाली गेलेली होती.

वरिष्ठांचा निर्णय तिथल्या तिथे झाला. “अगं, जाड व्यवस्थित येतंय ना? मग बारीक नीट बसवलेलं नसणार. परत लाव.” परत लावलं. तसंच आलं.

यात काय खटकतं ते या धंद्याबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. एक्स-रे नळीतून सगळ्या ऊर्जांचे किरण निघतात. धातूत मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, किरण आधी शोषले जातात आणि कडक किरण पुढे जातात. हेच बीम हार्डनिंग. त्यामुळे लांब वाटेने गेलेल्या किरणाचं शोषण खऱ्यापेक्षा कमी मोजलं जातं. सर्वांत लांब वाटा नळकांड्याच्या मध्यातून जातात, म्हणून चित्रात मध्यभाग खोल दिसतो. याला आम्ही कपिंग म्हणतो. कपिंग जाड वस्तूत जास्त आणि बारीक वस्तूत कमी असायला हवं. आमच्याकडे नेमकं उलटं होतं. जाडाच्या सपाट रेघेचं श्रेय मऊ किरण आधीच गाळायला नळीपुढे लावलेल्या तांब्याच्या पत्र्याला दिलं जात होतं आणि ते आमच्या माहितीपत्रकातही छापलेलं होतं. बारीकासाठी तो पत्रा काढून ठेवत नव्हतो, एवढं कुणाच्या लक्षात आलं असतं तरी पुरे होतं.

मी यंत्र सोडून प्रोग्रामकडे वळले. एका गोल चकतीचं प्रक्षेपण, म्हणजे एका कोनातून पडणारी तिची शोषणाची सावली, सूत्रानेच लिहिता येतं. त्रिज्या R आणि शोषण १ असेल, तर मध्यापासून s अंतरावरच्या किरणाची आतली वाट 2√(R²−s²) इतकी. यात ना एक्स-रे, ना पत्रा, ना नमुना बसवणं. शिवाय चकती कुठल्याही कोनातून सारखीच दिसते, म्हणजे एकच ओळ तपासली की सगळे कोन तपासले गेले.

प्रक्षेपण आलं तशी ती ओळ प्रत्येक कोनातून चित्रावर मागे पसरवली, म्हणजे नुसतं बॅक-प्रोजेक्शन केलं, तर चकती मिळत नाही. चित्रात एकच बिंदू असला तरी प्रत्येक कोनाची एक रेघ त्यातून जाते. बिंदूपासून r अंतरावर त्या रेघा 2πr परिघावर वाटल्या जातात, म्हणून भोवती १/r ने विरत जाणारं धुकं उरतं. त्यावरचा उपाय फूरिए स्लाइसच्या प्रमेयातून निघतो. एका कोनाच्या प्रक्षेपणाचं एकमितीय फूरिए रूपांतर म्हणजे मूळ चित्राच्या द्विमितीय फूरिए रूपांतराचा त्याच कोनातला, मध्यातून जाणारा काप. सगळे कोन घेतले की हे काप सायकलच्या आऱ्यांसारखे पसरतात, तुंब्यापाशी गर्दी आणि धावेपाशी विरळ. कमी वारंवारता पुन्हा पुन्हा मोजल्या जातात, जास्त वारंवारता क्वचित. वारंवारता k असेल तिथे गर्दी १/|k| ने कमी होते, म्हणून प्रत्येक काप मागे पसरवण्याआधी |k| ने गुणायचा. आलेखावर हे गुणक शून्यापासून सरळ चढत जातात, तोच रॅम्प फिल्टर. आमच्या यंत्राचे किरण समांतर नसून पंख्यासारखे पसरतात. त्यासाठी आधी थोडं भारांकन बदलावं लागतं, पण रॅम्प तोच राहतो.

एकसंध चकतीची रॅम्पमधून काढलेली ओळ कशी दिसते हे मला फार आवडतं. कमानीसारखं प्रक्षेपण आत जातं आणि चकतीच्या आतल्या भागात काटेकोर सपाट ओळ बाहेर येते, सगळीकडे 1/π, म्हणजे ०.३१८. चकतीबाहेर ती एकदम खोल ऋण होते आणि हळूहळू शून्याकडे येते. मागे पसरवल्यावर π ने गुणलं जातं आणि आत बरोबर १ मिळतो. बाहेर काही कोनांचे ऋण भाग इतर कोनांच्या धन भागांना खाऊन टाकतात. म्हणजे फिल्टर तपासायला बॅक-प्रोजेक्शन करायचीही गरज नाही. त्या ओळीचं छप्पर सपाट आहे का, एवढं बघायचं.

आमचं छप्पर सपाट नव्हतं. R = २०० साठी मध्यावर ०.२३, आणि कडांकडे उतरत ०.१८ च्या आसपास. पूर्ण पुनर्रचना केल्यावर १ च्या जागी मध्यावर ०.७३, कडेला ०.६५ आणि लगतच्या हवेत उणे ०.३५. R = ५० ची चकती लावली तर मध्यावर ०.९८ आणि जवळजवळ सपाट.

प्रोग्राममधल्या ओळी अशा होत्या, p म्हणजे प्रक्षेपण आणि q म्हणजे फिल्टरमधून काढलेली ओळ:

```python
H = np.abs(np.fft.fftfreq(512))
q = np.real(np.fft.ifft(np.fft.fft(p) * H))
```

दिसायला अगदी पुस्तकी, सूत्रात |k| म्हणून इथेही |k|. पण रॅम्पचं अवकाशातलं रूप म्हणजे मध्यावर एक धन शिखर आणि दोन्ही बाजूंना 1/n² ने विरत जाणाऱ्या लांबच लांब ऋण शेपट्या. ५१२ बिंदूंच्या एफएफटीच्या, म्हणजे संगणकावरच्या फूरिए रूपांतराच्या, लेखी ही ओळ दोन्हीकडे स्वतःच्याच प्रती चिकटवून अखंड चालू असते. शेजारच्या प्रतीतल्या चकतीची ऋण शेपटी आपल्या चकतीत शिरते आणि मूल्य खाली ओढते. कडा शेजारच्या प्रतीला जवळ, म्हणून तिथे जास्त ओढते. शेपटीची ताकद चकतीच्या एकूण वस्तुमानावर, म्हणजे क्षेत्रफळावर अवलंबून असते. त्रिज्या चौपट तर चूक साधारण सोळापट.

कोडं तिथेच सुटलं. जाडात बीम हार्डनिंग मध्य खाली ढकलत होतं आणि फिल्टर कडा खाली ढकलत होता. दोघांनी मिळून सपाट रेघ दाखवली. बारीकात फिल्टरची चूक नगण्य होती, म्हणून तिथे कपिंग उघडं पडलं. खरं सांगत होतं ते बारीक नळकांडंच. आकडे इतके खाली असूनही कुणाला दिसले नाहीत, कारण प्रोग्राम शेवटी ऋण मूल्यं कापून शून्य करायचा आणि अॅल्युमिनियमला ठरलेल्या करड्या छटेवर ताणून बसवायचा. ही सोय कुणी मागितली होती कोण जाणे.

आमच्याकडच्या मुलाने सुचवलं, “मॅडम, ओळीला पुढे शून्यं जोडली की झालं ना?” अर्धं झालं. १०२४ पर्यंत शून्यं जोडली आणि |k| तसाच ठेवला, तर मध्यावर ०.९४ येतं. २०४८ पर्यंत नेलं तर ०.९८. चूक लपत जाते, जात नाही. कारण दुसरी गोम शून्य वारंवारतेत आहे. सतत सूत्रात |k| तिथे शून्य असतो, हे खरं. पण नमुन्यांच्या जाळीत तो एक बिंदू नसतो, त्याला स्वतःचं घर असतं, १/P रुंदीचं (P म्हणजे ओळीची लांबी). त्या घरातला |k| शून्य धरला की प्रक्षेपणाची बेरीज, म्हणजे वस्तूचं एकूण वस्तुमान, फेकून दिलं जातं. त्या घरातल्या |k| ची सरासरी काढली तर ती पुढच्या बिंदूच्या किमतीच्या पाव येते. नेमकं उत्तर सुमारे एक पंचमांश आहे.

ते नेमकं उत्तर हाताने भरायचं नसतं. १९७१ मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी फूरिएऐवजी थेट कन्व्होल्यूशनने पुनर्रचना करण्याची पद्धत मांडली. त्यांच्या नावाच्या राम-लॅक फिल्टरचं अवकाशातलं रूप घ्यायचं आणि त्याचं रूपांतर करायचं:

```python
n = np.fft.fftfreq(1024, 1/1024).astype(int)
h = np.zeros(1024)
h[0] = 0.25
odd = n % 2 != 0
h[odd] = -1 / (np.pi * n[odd])**2
H = np.real(np.fft.fft(h))
q = np.real(np.fft.ifft(np.fft.fft(p, 1024) * H))[:512]
```

मध्यावर पाव, सम जागी शून्य, विषम जागी −1/(πn)². ५१२ च्या ओळीला १०२४ लांबी पुरते, कारण ओळीतल्या कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर ५११ च्या पुढे जात नाही आणि शेजारची प्रत पोहोचतच नाही. H[0] छापून पाहिलं तर ०.०००२ च्या जवळ येतं, शून्य नाही. छप्पर ०.३१८ वर सपाट झालं. अगदी कडेपाशी थोडी थरथर राहते, ती टोकदार कड मर्यादित वारंवारतेत पकडल्याची आहे.

मग प्रत्यक्ष स्कॅन नव्या फिल्टरने चालवले आणि जाड नळकांडं मधे खोल गेलं, अगदी ठसठशीत. वरिष्ठ म्हणाले, “हे तर बिघडलं!” त्यांना चकतीची ओळ दाखवली तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले आणि मग विचारलं, माहितीपत्रकाचं काय करायचं. ग्राहकाला काय सांगायचं हा प्रश्न त्यांना दुसऱ्यांदा सुचला. बीम हार्डनिंगसाठी आता वेगळी दुरुस्ती लावली आहे. मोजलेल्या शोषणावर बहुपदी चालवायची, तिचे गुणांक वेगवेगळ्या जाडीच्या पायऱ्या असलेल्या अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावरून काढायचे. दोन्ही नळकांडी आता एकाच गुणांकांनी सपाट येतात. जुन्या फिल्टरवर हीच दुरुस्ती लावली असती तर जाडाचा मध्य फुगला असता, आणि कुणीतरी गुणांक कमी करकरून पुन्हा रेघ सपाट केली असती, याची मला खात्री आहे.

माझ्या डोक्यातून जात नाहीत ते जुने अहवाल. पोकळ्या मोजताना एक उंबरठा ठरवतो, त्याखालची छटा म्हणजे हवा. जाड भागांत कडेजवळची छटा फिल्टरमुळे खाली ओढलेली होती, तेव्हा तिथल्या पोकळ्या किंचित मोठ्या मोजल्या गेल्या असणार. नळकांड्यात हार्डनिंगने ते भरून निघालं, पण ओबडधोबड ओतीव भागांत दोन्ही चुका एकमेकींवर नेमक्या बसतील असं काहीच नाही. ज्यांची मूळ प्रक्षेपणं आहेत ते भाग मी पुन्हा चालवते आहे. बाकीच्यांचे फक्त तयार छेद उरलेत. तेही कापाकापी न करता ठेवले असते तर पुन्हा प्रक्षेपित करून फिल्टरमधला फरक उलटा लावता आला असता, आणि हरवलेली शून्य वारंवारता ‘हवा म्हणजे शून्य’ या अटीवरून परत मिळाली असती. पण हवेची ऋण मूल्यं कापून टाकलेली आहेत, आणि किती ओढलं गेलं होतं याचा माग नेमका त्यांच्यातच होता.