‘मला मला मला’ आणि ‘म-म-मला’

आज म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मयड्याची केळी पाहून आमची तीन वर्षांची लेक म्हणाली, “आई, मला मला मला ते, ते मोठं केळं पाहिजे.” केळी विकणाऱ्या मावशींनी मायेने सुचवले, “सावकाश बोल गो बाय.” दोन महिन्यांपूर्वी मीही हेच म्हणत असे.

वाचा-उपचारतज्ज्ञांनी तेव्हा समजावले होते की, या वयात सांगायचे विचार वाक्यरचनेच्या पुढे धावतात, म्हणून अख्खा शब्द सहजपणे, चेहऱ्यावर ताण न येता पुन्हा उच्चारला जाणे हा बहुधा वाढीचाच टप्पा असतो. मात्र ‘म-म-मला’ असा पहिलाच ध्वनी वारंवार अडकणे, ‘मSSSला’ असा ताणला जाणे, तोंड उघडूनही आवाज न फुटणे, डोळे मिचकावले जाणे किंवा मूल बोलणेच टाळू लागणे, यांपैकी काही दिसल्यास वाट न पाहता तपासणी करावी. घरात कोणी तोतरे बोलत असेल, किंवा अडखळणे सहा महिन्यांहून अधिक टिकले, तरीही दाखवावे.

‘सावकाश बोल’ म्हटल्याने मुलाचे लक्ष चुकीवर जाते. त्यामुळे मी खाली बसले, तिचे वाक्य पूर्ण होऊ दिले आणि स्वतःच संथपणे म्हटले, “मोठं केळं हवंय होय?” (मावशींनी तोवर केळे सोलून दिले होते!)