शेल, बॅफल आणि फाउलिंग: बंडल बाहेर काढले त्या दिवशी

रासायनिक कारखान्यात नव्याने येणाऱ्या आयटीआयच्या शिकाऊ मुलांसाठी हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे एका द्रवाची उष्णता दुसऱ्या द्रवाला देणाऱ्या यंत्रावर, मराठी पुस्तिका तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. आधीपासून वाटल्या जाणाऱ्या टिपणात शेलला ‘कवच’, ट्यूब बंडलला ‘नलिकासमूह’, बॅफलला ‘अडथळा’ आणि फाउलिंगला ‘गाळ’ असे शब्द दिलेले होते. त्यांपैकी पहिल्या दोन शब्दांनी कोणाचे नुकसान होत नव्हते, मात्र ड्रॉइंगवर, वर्क परमिटवर आणि फिटरच्या तोंडी शेल आणि ट्यूब बंडल हेच शब्द असल्यामुळे मी ते जसेच्या तसे ठेवायचे ठरवले. खरी अडचण उरलेल्या दोन शब्दांची होती आणि वार्षिक शटडाउनमध्ये तेल थंड करणाऱ्या एका हीट एक्स्चेंजरचे, म्हणजे कूलरचे, बंडल बाहेर काढले, त्या दिवशी ती स्पष्टपणे पुढे आली.

हा कूलर फ्लोटिंग हेडचा होता, म्हणजे बंडलचे एक टोक शेलला पक्के जोडलेले नव्हते, म्हणूनच बंडल सबंध ओढून बाहेर काढता आले. नळ्यांतून कूलिंग टॉवरचे पाणी आणि शेलमधून तेल, अशी त्याची मांडणी होती. बंडल क्रेनने सॅडलवर ठेवल्यावर एका मुलाने विचारले, “सर, हे अडथळे कमी केले तर तेल मोकळेपणाने वाहील, मग ते जास्त थंड होणार नाही का?” टिपणातला शब्द प्रमाण मानला तर त्याचा तर्क बिनचूक होता.

मी त्याला बंडलच्या बाजूला उभे करून बॅफलची कापलेली कड बोटाने दाखवायला सांगितले. गोल चकतीचा साधारण एक चतुर्थांश भाग कापलेला असतो. एका चकतीचा वरून, तर पुढच्या चकतीचा खालून. त्यामुळे तेलाला नळ्यांच्या बाजूने सरळ निघून जाता येत नाही. नळ्यांना आडवे ओलांडत, वरखाली वळणे घेत त्याला पुढे जावे लागते. अशा आडव्या प्रवाहात नळीच्या पृष्ठभागाशी तेल चांगले ढवळले जाते आणि उष्णता वेगाने निघते. शिवाय प्रत्येक नळी या चकत्यांच्या छिद्रांतून जात असल्याने तिला आधार मिळतो. हा आधार विरळ झाला की नळ्या थरथरतात आणि नेमक्या छिद्राच्या काठाशी झिजून गळू लागतात. बॅफलमुळे दाब कमी होतो हे खरे, पण तो या दोन कामांचा मोबदला आहे. म्हणून पुस्तिकेत ‘बॅफल’ हाच शब्द ठेवून त्यापुढे ‘प्रवाहाला वळण देणारी आणि नळ्यांना आधार देणारी कापलेली चकती’ असे लिहिले.

फाउलिंगच्या बाबतीत मात्र मला उलटा निर्णय घ्यावा लागला. इंग्रजीतला हा एक शब्द अनेक दोष पोटात घेतो आणि त्यांचे उपाय वेगवेगळे असतात. आमचे फिटर ‘क्षार धरला’, ‘शेवाळ धरले’, ‘गाळ बसला’ असे सहज वेगवेगळे बोलतात आणि निदानासाठी हाच फरक उपयोगी असतो.

त्या कूलरमध्ये यांतले दोन प्रकार एकत्र पाहायला मिळाले. पाणी खालच्या नळ्यांतून एका दिशेने जाई आणि वरच्या नळ्यांतून परत येई. खालच्या नळ्यांत मऊ, तपकिरी गाळ होता. पाण्याचा वेग कमी पडला की तो आधी तिथेच बसतो. वरच्या नळ्यांत कडक पांढरा थर होता, कारण कॅल्शियम कार्बोनेट तापलेल्या पाण्यात कमी विरघळते आणि बाहेर पडण्याच्या बेतातले पाणीच सर्वांत गरम असते. हा थर जेमतेम एक मिलिमीटरचा दिसत होता, पण अशा क्षाराची उष्णतावाहकता 2 वॅट प्रति मीटर केल्व्हिनच्या आसपास, तर साध्या पोलादाची सुमारे 50 असते. म्हणजे उष्णतेच्या वाटेत जणू 25 मिलिमीटर पोलाद जास्तीचे उभे राहिले होते. स्वच्छ कूलरचा उष्णता संक्रमण गुणांक 600 वॅट प्रति चौरस मीटर केल्व्हिन धरला, तर एवढ्या थराने तो सुमारे 460 वर येतो.

मग मुलांना लॉगशीट उघडायला लावले. तेल आणि पाणी यांचे प्रवाह व आत येतानाची तापमाने जवळपास तीच असूनही बाहेर पडणाऱ्या तेलाचे तापमान महिन्यामागून महिना चढत गेले होते. पाण्याच्या बाजूचा दाबातला फरकही वाढला होता. पहिल्या टिपणातला ‘गाळ’ एवढा एकच शब्द डोक्यात असता, तर जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काम संपले असे मानले गेले असते. फवाऱ्याने खालच्या नळ्या मोकळ्या झाल्या असत्या, पण वरच्या नळ्यांतला क्षार बराचसा तसाच राहिला असता. म्हणून आधी फवाऱ्याने गाळ काढला आणि मग धातूला जपणारे इनहिबिटर घातलेले आम्ल फिरवून क्षार विरघळवला. पुस्तिकेतल्या तपासणीच्या तक्त्यात आता ‘फाउलिंग: आहे किंवा नाही’ हा रकाना नाही, क्षार, शेवाळ, गाळ आणि गंज असे चार रकाने असून प्रत्येकापुढे तो कोणत्या नळ्यांत आढळला हे लिहावे लागते.