आयसीटी पॉझिटिव्ह आली आणि माझं अँटी-डी थांबलं: माझा अनुभव

शुक्रवारी रात्री साडेदहाला मुलगी झाली. रविवारी सकाळी साडेनऊला सिस्टर खाटेजवळ आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमची कूम्ब्स पॉझिटिव्ह आलीय. आता अँटी-डी देऊन उपयोग नाही, डॉक्टरांनी कॅन्सल केलंय." मी मनातल्या मनात तास मोजले. कूम्ब्स ही रक्तातल्या अँटीबॉडी शोधणारी चाचणी, आणि अँटी-डी हे निगेटिव्ह रक्तगटाच्या आईला प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत द्यायचं इंजेक्शन. त्यातले ३५ उलटले होते, ३७ उरले होते.

माझा रक्तगट ए निगेटिव्ह, नवऱ्याचा ओ पॉझिटिव्ह. गरोदरपणातल्या बाकीच्या तपासण्या, सोनोग्राफ्या, अगदी प्रसूतीसुद्धा सुरळीत झाली. त्यातलं काही सांगत बसत नाही. जे अडलं ते या एका इंजेक्शनपाशी अडलं, आणि निगेटिव्ह रक्तगटाच्या इतर बायकांचंही इथेच अडू शकतं म्हणून लिहितेय.

आधी धोका काय ते सांगते. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळाच्या तांबड्या पेशींवर 'डी' नावाचा घटक असतो, तो आईकडे नसतो. वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्या पेशी परक्या म्हणून ओळखतं आणि त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करायला शिकतं. हे शिकणं सावकाश होतं, म्हणून पहिलं बाळ बहुतेक वेळा सुखरूप असतं. पण एकदा शिकलेलं शरीर विसरत नाही. पुढच्या गरोदरपणात बाळ पुन्हा पॉझिटिव्ह असेल तर त्याच्या थोड्याशा पेशी आईकडे आल्या तरी भराभर अँटीबॉडी तयार होतात, वार ओलांडून पोटातल्या बाळापर्यंत जातात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडत राहतात. बाळ पोटातच पांढरं पडतं, अंगात पाणी साठतं. जन्मल्यावर कावीळ इतक्या वेगाने चढते की ती मेंदूपर्यंत जाऊ शकते. अँटी-डीचं इंजेक्शन हे शिकणं व्हायच्या आधीच थांबवतं. आईच्या रक्तात शिरलेल्या बाळाच्या पेशींना ते चिकटतं, आणि आईच्या शरीराने त्यांची दखल घेण्याआधीच त्या पेशी प्लीहेत निकालात निघतात. पण शरीर आधीच शिकलेलं असेल तर मात्र हे इंजेक्शन काही करू शकत नाही.

म्हणजे सिस्टर म्हणत होत्या ते तत्त्व म्हणून बरोबर होतं. प्रश्न एवढाच होता की माझं शरीर खरंच शिकलंय का.

आयसीटी, म्हणजे इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, आईच्या रक्तात डीविरोधी अँटीबॉडी आहेत का ते पाहते. त्या कुठून आल्या हे ती सांगू शकत नाही. आणि मला २८व्या आठवड्यात ३०० मायक्रोग्रॅम अँटी-डी दिलेलं होतं. त्या इंजेक्शनात जे असतं ते म्हणजे ह्याच अँटीबॉडी, दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेल्या. त्या माझ्या अंगात फिरत असताना चाचणी केली तर ती पॉझिटिव्ह येणारच. इंजेक्शननंतर बारा आठवडे, कधी त्याहूनही जास्त काळ अशी पॉझिटिव्ह दिसू शकते. माझे दहा आठवडे झाले होते.

मी हे निवासी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "बाळाची डीसीटीसुद्धा किंचित पॉझिटिव्ह आहे, म्हणजे सेन्सिटायझेशन झालेलंच आहे." डीसीटी म्हणजे डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, ती बाळाच्या तांबड्या पेशींवर अँटीबॉडी बसल्या आहेत का ते पाहते; आणि सेन्सिटायझेशन म्हणजे तेच, आईच्या शरीराचं शिकणं. मी म्हटलं, मला २८व्या आठवड्यात इंजेक्शन झालंय. त्यांनी केसपेपर उलटून पाहिला आणि म्हणाले, "इथे तर काही लिहिलेलं नाही." ते इंजेक्शन मी दुसऱ्या दवाखान्यात घेतलं होतं. तिथली फाईल मी भरती होतानाच दिली होती. तरी चाचणीच्या अर्जावर 'यापूर्वी अँटी-डी दिले आहे का, तारीख' हा रकाना कोराच पाठवला गेला होता. प्रयोगशाळेने समोर आलं ते तपासलं, अहवालावर 'पॉझिटिव्ह' छापलं, वॉर्डाने तो शब्द वाचून इंजेक्शन रद्द केलं. एका कोऱ्या रकान्यामुळे! मला आजही त्याचा राग येतो. त्या दिवशी मी कुणी ऐकेल म्हणून दुपारपर्यंत वाट बघितली, तेही चुकलंच. राऊंड संपलेला, मोठ्या डॉक्टर बाहेर, "उद्या बघू" एवढंच उत्तर. सोमवारी रात्री साडेदहाला मुदत संपणार होती.

शेवटी फाईल नवऱ्याच्या हातात दिली आणि त्याला रक्तपेढीत पाठवलं. तिथल्या डॉक्टर स्वतः वर आल्या. त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, "अठ्ठाविसाव्या आठवड्यातलं रक्त इंजेक्शनच्या आधी घेतलं होतं का नंतर?" आधी घेतलं होतं, आणि ती आयसीटी निगेटिव्ह होती. फाईलमध्ये तो अहवाल होता. त्याच्यामागच्या पानावर इंजेक्शनच्या कुपीचं स्टिकर चिकटवलेलं होतं: मात्रा, बॅच नंबर, खाली पेनाने तारीख. त्या स्टिकरवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे नसतं तर मला जड गेलं असतं."

मग त्यांनी माझ्याच नमुन्याचा टायटर करून घेतला, म्हणजे रक्तद्रव पायरीपायरीने पातळ करत अँटीबॉडी कुठपर्यंत दिसते ते पाहिलं. निम्मं पातळ केल्यावर पुसट दिसली, चौपट पातळ केल्यावर काहीच नाही. इंजेक्शनातून आलेली अँटीबॉडी अशीच क्षीण असते. शरीराने स्वतः बनवलेली असेल तर टायटर सहसा चढत जातो. पण त्यांनी हेही स्पष्ट केलं की नुकतीच सुरुवात झालेली असेल तर तीही कमीच दिसेल, त्यामुळे नुसत्या टायटरवर निकाल लावता येत नाही. माझ्या बाजूने खरा पुरावा होता तो इंजेक्शनआधीची निगेटिव्ह आयसीटी आणि तारीख. बाळाच्या डीसीटीचाही उलगडा झाला. इंजेक्शनातल्या अँटीबॉडीही वार ओलांडतात आणि थोड्या बाळाच्या पेशींवर बसतात, पण सहसा त्याने इजा होत नाही. मुलीचं हिमोग्लोबिन १७ होतं, बिलिरुबिन दोनदा तपासलं, दोन्ही वेळा तिच्या वयाच्या मानाने ठीक होतं.

पुढे त्या जे बोलल्या ते निवासी डॉक्टरांसाठी होतं, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं महत्त्वाचं तेच. "ही खरोखर सेन्सिटाइज झालेली असेल आणि आपण इंजेक्शन दिलं, तर एक कुपी वाया जाईल. झालेली नसेल आणि आपण दिलं नाही, तर पुढच्या प्रत्येक बाळाला धोका. शंका असेल तर द्यायचं."

मी विचारलं, अंगात अजून अँटीबॉडी आहेत तर पुन्हा कशाला? त्यांनी अहवालाच्या कडेला हिशेब मांडून दाखवला. ही अँटीबॉडी साधारण तीन आठवड्यांत निम्मी होते. ३०० चे तीन आठवड्यांनी १५०, सहाने ७५, नवाने ३७ च्या आसपास, आणि दहा आठवड्यांनी जेमतेम ३०. पूर्ण ३०० मायक्रोग्रॅम बाळाचं सुमारे ३० मिली रक्त निस्तरतं, म्हणजे उरलेले ३० फक्त ३ मिलीला पुरतील. हिशेब ढोबळ होता, पण मला तेवढ्यात समजलं. प्रसूतीत किती रक्त मिसळलं ते बघायला माझ्या नमुन्यावर क्लाइहाउअर चाचणीही केली होती. तिच्यात काचपट्टीवर पसरलेल्या रक्तावर आम्ल टाकतात. मोठ्या माणसाच्या पेशींतलं हिमोग्लोबिन धुऊन जातं आणि त्या पोकळ, फिकट सावल्यांसारख्या उरतात. बाळाच्या पेशी मात्र गडद गुलाबी राहतात, त्या मोजायच्या. माझ्यात अंदाजे ४ मिली निघालं. म्हणजे जुनं शिल्लक अपुरं होतं आणि एक नवी कुपी भरपूर होती. मिसळलेलं रक्त ३० मिलीहून जास्त निघालं असतं तर एका कुपीने भागलं नसतं. हे मोजल्याशिवाय कळत नाही.

रविवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी दंडात इंजेक्शन मिळालं, बेचाळिसाव्या तासाला. मी तेव्हा रडले, आणि सिस्टरांनी काही न बोलता नवं स्टिकर माझ्या फाईलमध्ये लावून दिलं.

कुणाला उपयोगी पडेल म्हणून: कुपीचं स्टिकर किंवा निदान तारीख आणि मात्रा स्वतःच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवा. रक्ताचा प्रत्येक नमुना जाताना 'अमुक तारखेला अँटी-डी घेतलं' हे अर्जावर लिहिलंय का ते स्वतः वाचा. २८व्या आठवड्याचं रक्त इंजेक्शनच्या आधीच घ्यायला सांगा, नंतर घेतलेल्या नमुन्यावरून काही ठरवता येत नाही. ७२ तास उलटले म्हणून कुणी हात वर केले तर ऐकून घेऊ नका. दहा दिवसांपर्यंत द्यावं असं सांगतात, संरक्षण कमी मिळतं पण मिळतं. बाळाचा गट निगेटिव्ह निघाला तर प्रसूतीनंतरचं इंजेक्शन लागत नाही, म्हणून नाळेतल्या रक्ताचा अहवाल मागून घ्या.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: हे इंजेक्शन लस नाही. त्याचं संरक्षण काही आठवड्यांचं असतं, पुढच्या गरोदरपणात सगळं पहिल्यापासून. गर्भपात झाला, पोटावर मार बसला, मध्येच रक्तस्राव झाला, गर्भजल काढून तपासलं, तर तेव्हाही लगेच विचारायचं. माझ्या मैत्रिणीचा गर्भपात झाला तेव्हा तिचा रक्तगट कुणी पाहिलाच नाही, आणि तिने मला हे सांगितलं तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती.

रक्तपेढीच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा आयसीटी करायला सांगितली होती. तोवर इंजेक्शनातल्या अँटीबॉडी संपलेल्या असतात, त्यामुळे जे दिसेल ते माझं स्वतःचं. मागच्या आठवड्यात जाऊन आले. अर्ज मी स्वतः भरला, तो रकानाही, दोन्ही तारखा घालून. अहवाल आला: निगेटिव्ह.