आमची वाटचाल : सुपरवायझरला शिकवायला शिकवताना

२०११ मध्ये भोसरीतल्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागातली नोकरी सोडून मी प्रशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा माझ्या विषयांच्या यादीत संवादकौशल्य, संघभावना, वेळेचे नियोजन असे सगळे काही होते. पहिली चार वर्षे काम बरे मिळाले. सत्र संपल्यावर भरून घेतलेल्या अभिप्रायपत्रांत पाचपैकी साडेचारच्या खाली गुण क्वचितच येत आणि मी तेच आकडे पुढच्या ग्राहकापुढे ठेवत असे. २०१५ मध्ये चाकणच्या एका कारखान्यात, आदल्या वर्षीचा कार्यक्रम पुन्हा घ्यावा असे सुचवायला गेले असता, तिथल्या उत्पादन प्रमुखांनी शांतपणे विचारले, "मॅडम, मुलं खूश होती हे मला माहीत आहे. पण लाइनवर काय बदललं ते सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि ते काम मला मिळाले नाही.

प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच मांडल्या होत्या : प्रतिक्रिया, शिकणे, कामावरचे वर्तन आणि परिणाम. मी चार वर्षे पहिल्याच पायरीवर उभी होते. त्यानंतर आम्ही यादीतले बहुतेक विषय काढून टाकले आणि ज्यांचा परिणाम लाइनवर मोजता येतो असे तीनच ठेवले : नव्या माणसाला काम शिकवणे, पाळी बदलताना माहिती सोपवणे आणि चूक झालेल्या कामगाराशी बोलणे. यांतला पहिला विषय आज आमच्या निम्म्याहून अधिक कामाचा आधार आहे.

त्याची पद्धत आमची नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' या उपक्रमातून ती आली, युद्धानंतर जपानमधल्या कारखान्यांत रुजली आणि तिचा साचा आजही तसाच वापरता येतो : दहा सुपरवायझर आणि दोन-दोन तासांची पाच सत्रे. शिकवण्याच्या पायऱ्या चार : माणसाची तयारी करणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि नंतर पाठपुरावा करणे. पहिल्या सत्रात आम्ही मूळ कार्यक्रमातलीच गाठ घेतो. दिव्याच्या होल्डरमध्ये दुहेरी वायरला ती मारतात, म्हणजे वायर ओढली गेली तरी ताण स्क्रूवर येत नाही. आधी मी ती नुसती तोंडी सांगते. कोणालाच जमत नाही. मग समोर उभी राहून न बोलता मारून दाखवते. डावे-उजवे उलटे दिसत असल्यामुळे तेव्हाही एखाद-दुसऱ्यालाच जमते. तिसऱ्या वेळी एकाला माझ्या शेजारी, मी पाहते त्याच बाजूने पाहता येईल असा उभा करून पायरीपायरीने, महत्त्वाच्या खुणा आणि त्यांची कारणे सांगत दाखवते, तेव्हा तो स्वतः गाठ मारतो आणि का तशी मारायची तेही सांगतो. आपण रोज नव्या पोरांना पहिल्या दोन पद्धतींनीच शिकवतो, हे त्या दहा जणांना त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

आमच्याकडे येणारे सुपरवायझर साधारण दोन प्रकारचे असतात. डिप्लोमा करून आलेल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाला ड्रॉइंग वाचता येते, पण काम हातात बसलेले नसते. ऑपरेटरचा सुपरवायझर झालेल्या माणसाच्या हातात काम असते, पण ते शब्दांत मांडायची सवय नसते. या दोघांना आम्ही मुद्दाम एका जोडीत बसवतो. कंत्राटी कामगारांच्या गटप्रमुखांचे सत्र हिंदीत होते. व्यवस्थापकांसाठी अर्धा दिवस वेगळा ठेवतो, कारण पाठपुराव्यासाठी सुपरवायझरला रोज वीस मिनिटे मोकळी मिळायची असतील तर ती तेच देऊ शकतात.

जोडीचा उपयोग कसा होतो, हे चाकण भागातल्याच दुसऱ्या एका कारखान्यातल्या कामावरून सांगते. तिथे व्हॉल्व्हच्या जुळणीत आट्यांवरून एक ओ-रिंग सरकवून खाचेत बसवायची होती. आट्यांच्या कडेने रिंग कापली जाई आणि शेवटच्या गळती चाचणीत पीस नापास होई. आटे झाकण्यासाठी प्लॅस्टिकची टोपी दिलेली होती, तरी नवी मुले ती वापरत नव्हती. तिसऱ्या सत्रात जोडीने या कामाची फोड लिहायला घेतली आणि डिप्लोमावाला मुलगा एका जुन्या ऑपरेटरच्या शेजारी तासभर कागद घेऊन उभा राहिला. तेव्हा लक्षात आले की ते काका स्वतःच टोपी वापरत नव्हते. ते रिंगला बोटाने ग्रीस लावत, तिरकी धरून आधी एक बाजू खाचेत उतरवत आणि शेवटी अंगठा गोल फिरवून रिंगला पीळ पडला नाही ना ते पाहत. नवी मुले काकांकडे पाहून टोपी टाळत होती, पण ग्रीस, तिरपेपणा आणि अंगठा हे त्यांना दिसत नव्हते. काकांनीही ते कधी सांगितले नव्हते, कारण आपण तसे करतो हे त्यांनाच ठाऊक नव्हते. अंतिम फोडीत चार पायऱ्या आणि तीन खुणा आल्या : टोपी घालायचीच, ग्रीस पूर्ण कडेला लावायचे, अंगठा फिरवून पीळ पाहायचा. प्रत्येक खुणेपुढे कारण लिहिले.

मोजणी सत्राच्या आधीच सुरू केली होती. सहा आठवडे फक्त 'रिंग कापली' या कारणाने नापास झालेले पीस पाळीनुसार वेगळे लिहिले. एकूण रिजेक्शन धरले नाही, कारण त्यात कास्टिंगची छिद्रेही येतात आणि त्यांचा आमच्या शिकवण्याशी संबंध नाही. शिवाय दोनपैकी एकाच लाइनच्या सुपरवायझरना आधी शिकवले आणि दुसरीला चार आठवडे थांबवले. ग्राहकाला हे थांबणे रुचत नाही, पण त्याशिवाय बदल प्रशिक्षणाने झाला की रिंगचा नवा लॉट चांगला आला म्हणून झाला, हे सांगता येत नाही. पहिल्या लाइनवर हजारी २९ वर असलेला आकडा चार आठवड्यांत ११ वर आला. न शिकवलेली लाइन त्याच काळात २६ ते ३० मध्येच राहिली.

तिसऱ्या महिन्यात पहिल्या लाइनचा आकडा पुन्हा १९ वर गेला. पाळीनुसार नोंदी असल्यामुळे वाढ रात्रपाळीतलीच आहे हे लगेच दिसले. तिथला शिकलेला सुपरवायझर दुसऱ्या विभागात गेला होता, नव्या माणसाला फोडीचा कागद मिळाला होता, पण शिकवायचे कसे ते कोणी दाखवले नव्हते. त्याला आम्ही लाइनवरच तीन दिवस शिकवले, तेव्हा आकडा १३ पर्यंत उतरला. ११ वर तो परत आला नाही आणि अहवालात आम्ही १३ हाच लिहिला.

तेव्हापासून करारात दोन गोष्टी असतात. आधीच्या सहा आठवड्यांच्या नोंदी मिळाल्याशिवाय सत्राची तारीख ठरत नाही, आणि शुल्काचा चौथा हिस्सा नव्वद दिवसांनंतरच्या मोजणीचा अहवाल दिल्यावरच घेतो, आकडा सुधारलेला असो वा नसो. 'सगळ्या कर्मचाऱ्यांना एक दिवस प्रेरणादायी काहीतरी' अशी मागणी आली, तर आम्ही ती नाकारतो. सध्या आम्ही तिघे जण आहोत आणि महिन्याला दोनच कारखाने घेतो, कारण नव्वदाव्या दिवशी त्या लाइनवर स्वतः जाऊन उभे राहायला तेवढाच वेळ उरतो.