आभार कुणाचे आधी?

वर्धापनदिनाचं भाषण आमचे साहेब वाचतात, पण लिहितो मी. फाउंड्रीत पर्सोनेल खात्याच्या माणसाला हजेरी, पगार, कॅन्टीनची कुरकुर आणि साहेबांचं भाषण ही चार कामं चुकत नाहीत. पहिल्या तिन्हींत फार तर चार माणसं रागावतात. चौथ्यात सगळा कारखाना.

आमचा कारखाना कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत आहे. आम्ही बीडाची कास्टिंग ओततो: पंपाच्या बॉड्या, मोटारीची घरं, ट्रॅक्टरचे काही भाग. बाहेरच्याला वाटतं की फाउंड्री म्हणजे एक भट्टी आणि भोवती काळी पडलेली माणसं. आतल्याला विचारा. पॅटर्न शॉप वेगळं, सँड प्लांट वेगळा, कास्टिंगच्या आतली पोकळी राखणारे वाळूचे कोअर करणारं कोअरशॉप वेगळं. मोल्डिंग, मेल्टिंग, साचा फोडून कास्टिंग काढणारं नॉकआउट, कास्टिंग घासून साफ करणारं फेटलिंग, क्वालिटी, मेंटेनन्स, स्टोअर, डिस्पॅच या सगळ्यांचे चहाचे कट्टेसुद्धा वेगळे. वर्धापनदिनाला मात्र हे सगळे एकाच मांडवात पांढरे शर्ट घालून बसतात आणि भाषणात आपला नंबर कितवा येतो ते बोटांवर मोजतात.

पूर्वी भाषणाचा क्रम ऑफिसच्या पायऱ्यांप्रमाणे असायचा. आधी संचालक मंडळ, मग मॅनेजर, मग इंजिनिअर आणि सुपरवायझर, मग कामगार. सगळ्यात शेवटी कॅन्टीन, सफाई आणि गेटवरचे वॉचमन. फेटलिंगचं नाव यायचं तेव्हा मागच्या रांगांत खुर्च्या सरकू लागलेल्या असायच्या आणि मांडवात तांबड्या रश्श्याचा वास सुटलेला असायचा. आमच्या फेटलिंगच्या मुकादमांनी एकदा मला गाठून विचारलं, "काय ओ साहेब, आमचं नाव दरवर्षी जेवणाच्या वाढपाबरोबरच का येतंय?" मी म्हटलं, "मामा, क्रम आहे तो." ते म्हणाले, "क्रम कुणी लावला?"

तेव्हापासून मी क्रम माणसांकडून काढून घेतला आणि मालाकडे सोपवला. भंगाराचा ट्रक गेटवर येतो, वजनकाट्यावर चढतो, तिथून भाषण सुरू होतं. त्यामुळे पहिला उल्लेख वॉचमनचा आणि स्टोअरचा. मग पॅटर्न, वाळू, कोअर, साचा, भट्टी, ओतकाम, नॉकआउट, फेटलिंग, तपासणी आणि शेवटी गाडीत भरणारी डिस्पॅचची माणसं. मेंटेनन्सला या वाटेवर स्वतःची जागा नाही, कारण ते सगळीकडेच असतात. म्हणून त्यांना मी भट्टीपाशी आणतो. वीज गेली की इंडक्शन भट्टीच्या कॉइलला थंड पाणी चालू ठेवणारा डिझेलचा पंप काही क्षणांत सुरू व्हावा लागतो, आणि तो सुरू होतो हे काम त्यांचं. या क्रमाची सोय अशी की आपला नंबर नववा का, असं कुणी विचारलं तर त्याला हाताला धरून शॉपमधून फिरवता येतं. कास्टिंग नवव्या जागी तुमच्याकडे येतं, त्याला मी काय करू?

पण क्रम हा सोपा भाग. खरी गोची वाक्यात असते.

एका वर्षी रिजेक्शन साडेसहा टक्क्यांवरून साडेचारवर आलं होतं. साहेब खुशीत होते. ते म्हणाले, हे भाषणात आलंच पाहिजे, आणि श्रेयही दिलं पाहिजे. कुणाला? इथे फाउंड्रीची सकाळची रिजेक्शन मीटिंग डोळ्यांसमोर आणायला हवी. टेबलावर आदल्या दिवसाची नापास कास्टिंग मांडलेली असतात. ब्लो होल, म्हणजे गॅस अडकून पडलेलं भोक, दिसलं की मोल्डिंगवाला म्हणतो, कोअर ओला होता. कोअरशॉप म्हणतं, कोअर कोरडाठाक होता, तुमच्या वाळूत पाणी जास्त होतं. सँड प्लांट मॉइश्चरची वही उघडून दाखवतो: सकाळपासून साडेतीन टक्क्यांच्या आसपास, रेषेत. मग सगळे मिळून भट्टीकडे बघतात, की धातू थंड ओतला असेल. कास्टिंगमध्ये स्लॅग, म्हणजे वितळलेल्या धातूवरची मळी, सापडला तर मेल्टिंगवाल्यांना पळायला जागा नसते, तरी ते म्हणतातच की रस ओतायचं भांडं, म्हणजे लॅडल, वेळेवर रिकामं झालं नाही. कडा तुटली असली तर फेटलिंग. या टेबलावर क्वालिटीचा माणूस फक्त खडूने फुल्या मारत असतो.

मॅनेजरसाहेबांनी सुचवलेलं वाक्य असं होतं: "क्वालिटी विभागाच्या परिश्रमांमुळे रिजेक्शन कमी झालं." हे वाचलं असतं तर मांडवातच फुटबॉल मॅच झाली असती. क्वालिटी दोष शोधतं, घालवत नाही, हे हेल्परलाही ठाऊक असतं. मग दुसरा मसुदा: "कोअरशॉपने ब्लो होल आटोक्यात आणले." हा त्याहून वाईट. मी तो कोअरशॉपच्या ताईंना वाचून दाखवला. आमच्याकडे कोअर करणाऱ्या बहुतेक बायका आहेत, आणि त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या ताई फार कमी बोलतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे आधीचे ब्लो होल आमचे होते, असंच की."

ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं. दोष कमी केल्याबद्दल एखाद्या खात्याचं जाहीर कौतुक केलं, की पूर्वीचे सगळे दोष त्याच खात्याच्या नावावर चढतात, आणि तेही साहेबांच्या सहीनिशी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगला मोल्डिंगवाले ते वाक्य पुरावा म्हणून वापरणार हे नक्की. आणि ज्यांचं नाव आलं नाही त्यांना वाटणार, आम्ही काहीच केलं नाही.

मग मी वही घेऊन शॉपमध्ये फिरलो आणि वर्षभरात नेमकं काय बदललं ते विचारलं. टक्का कुणालाच विचारला नाही, फक्त काम विचारलं. कोअरशॉपने गॅस बाहेर पडायची भोकं, ज्यांना आम्ही व्हेंट म्हणतो, ती कोअर बसवण्याआधी प्रत्येक कोअरमध्ये सळई घालून मोकळी आहेत का ते बघायला सुरुवात केली होती. सँड प्लांटने मॉइश्चर पाळीत एकदा मोजायचं ते दर तासाला मोजायला घेतलं होतं. मोल्डिंगवाल्यांनी साचा बंद करण्याआधी आत हवा मारून सुटी वाळू काढायची शिस्त लावली. भट्टीवर ओतण्याआधी तापमान घेतल्याशिवाय लॅडल हलवायचं नाही असं ठरलं, आणि चौदाशे अंशांच्या त्या रसावरचा स्लॅग दोन वेळा काढायचा. क्वालिटीने नापास माल शेवटी एकदम न दाखवता पहिली चार कास्टिंग फोडून त्याच तासात मोल्डिंगला कळवायचं ठरवलं. फेटलिंगवाले ग्राइंडिंग करताना काही वेगळं दिसलं की कास्टिंग बाजूला ठेवू लागले. ते तर कुणी त्यांना सांगितलंही नव्हतं.

भाषणात प्रत्येक खात्याला यातलं एकच काम आलं, एकाच वाक्यात, आणि विशेषणाशिवाय. "कोअरशॉप प्रत्येक कोअरच्या व्हेंटमध्ये सळई घालून बघतं." बस्स. टक्क्याचा आकडा सगळ्यांची वाक्यं संपल्यावर स्वतंत्र आला, कुणाच्याही शेपटाला न बांधता. विशेषण घातलं की तुलना सुरू होते. एकाला "अथक" दिलं की दुसऱ्याला "अहोरात्र" द्यावं लागतं, आणि तिसऱ्याच्या वाट्याला "मोलाचे सहकार्य" येतं. पंगतीत तूप वाढणाऱ्याच्या पळीकडे सगळ्यांचे डोळे असतात तसे मांडवातले डोळे विशेषणावर असतात. कामाच्या वाक्याला अशी पळी नसते. शिवाय सळईची गोष्ट ऐकून कोअरशॉपवाल्यांना जे वाटतं, ते "अथक परिश्रम" ऐकून वाटत नाही. ते त्यांनाही माहीत असतं आणि शेजारच्यांनाही.

नावांचं मात्र मी कडक ठेवलं आहे. खात्यातल्या एकाचं घेतलं तर सगळ्यांची घ्यावी लागतात, म्हणून भाषणात कुणाचंच नाही. निवृत्त होणाऱ्यांचा सत्कार वेगळा, त्यात नाव, गाव, नातवंडं सगळं येऊ दे.

फेटलिंगमधली बरीच माणसं कंत्राटदाराची आहेत. पहिल्या मसुद्यात मी "आपले फेटलिंगचे कामगार" लिहिलं होतं, तर वकिलांनी "आपले" खोडलं. उद्या हीच मंडळी हेच भाषण घेऊन लेबर कोर्टात कायम नोकरी मागतील म्हणे. ठीक आहे, वकिलाला वकिली करू दे. मी सगळ्याच खात्यांपुढचं "आपले" काढून टाकलं. एकट्या फेटलिंगचं गेलं असतं तर मुकादम मामांनी ते पहिल्याच वाचनाला पकडलं असतं.

सगळ्यात अवघड वाक्य 2019 च्या पुरानंतरचं. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीपाशी पुणे-बंगळूर महामार्गावर चढलं आणि कित्येक दिवस वाहतूक बंद राहिली. वाहनं रस्त्यावरच उभी होती. कारखाना थांबला. आसपास राहणारी काही माणसं आली, त्यांनी नॉकआउटखालच्या खड्ड्यात साचलेलं पाणी उपसलं, मोटारी उचलून वर ठेवल्या. साहजिकच वर्धापनदिनाला साहेबांना त्यांचे आभार मानायचे होते: "संकटकाळातही जे कामावर हजर राहिले त्यांना सलाम." वाक्य ऐकायला छान आहे. पण चिखली-आंबेवाडीकडच्या मुलांची घरंच पाण्यात होती. माणसं आणि जनावरं बोटीतून बाहेर काढली जात होती. ती मुलं मांडवात खुर्चीत बसून हे ऐकणार, आणि टाळ्याही वाजवणार.

मी साहेबांना एवढंच म्हणालो की हजर न राहिलेल्यांचं वाक्य आधी लिहू, मग हजर राहिलेल्यांचं त्यात बसतंय का बघू. शेवटी असं ठरलं: "काहींनी इथल्या खड्ड्यातलं पाणी उपसलं, काहींनी घरातला चिखल उपसला, आणि भट्टी पुन्हा पेटली त्या दिवशी पहिल्या पाळीला दोघंही साच्यापाशी उभे होते." साहेब हे वाचताना मध्येच थांबले, पण ते चष्म्यामुळे असावं.

दुसऱ्या पाळीची आणि रात्रपाळीची माणसं मात्र या सगळ्यात अजून नीट बसलेली नाहीत. समारंभ सकाळी अकराचा. रात्रपाळी घरी जाऊन झोपलेली असते, त्यांच्यातले चारदोन लाल डोळ्यांनी येतात आणि मागे बसतात. भाषण गोड असलं तरी ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही. गेल्या वर्षी साहेब रात्री साडेबाराला पाळीच्या सुट्टीत कॅन्टीनला गेले आणि तोच कागद पुन्हा वाचला. लाउडस्पीकर नाही, हार नाही. एकाने मधेच विचारलं, "साहेब, दिवसपाळीला हेच वाचलं का?" साहेबांनी कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो सगळा वाचून बघितला, ओळ न ओळ.

यंदा नवी अडचण आहे. आम्ही छोटं मशीन शॉप घातलंय. कास्टिंग फेटलिंगनंतर तिथे जातं, लेथवर वरचा थर निघतो आणि आत लपलेलं ब्लो होल तिथे उघडं पडतं. म्हणजे सगळ्यांचे दोष यांच्याकडे दिसतात. त्यांचे सुपरवायझर काल मला म्हणाले, आमचं एक वाक्य टाका, "मशीन शॉपमुळे लपलेले दोष उघडकीस आले." मी कोअरशॉपच्या ताईंकडे बघितलं. त्या काही बोलल्या नाहीत, कोअरमध्ये सळई घालत होत्या. वाक्य अजून लिहायचंय.