डावीकडून तिसरा

आमच्या ट्रेकिंग मंडळाचं फेसबुक पेज बंद करायला कुणाचाच विरोध नव्हता. शेवटचा ट्रेक टाळेबंदीच्या आधीचा; पेजवर उरल्या होत्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि कर्जाच्या जाहिराती. प्रश्न निघाला तो फोटोंचा.

"डाउनलोड मारा की!" मारलं की झिप फाइल येते आणि सगळे निर्धास्त होतात. ती उघडून, चाळून झाल्याशिवाय पेज पुसू नये, हे माझं ठाम मत. त्या झिपमध्ये पेजच्या नावाने टाकलेले फोटो आले. सभासदांनी स्वतःच्या खात्यावरून लावलेले आलेच नाहीत. आणि बरे फोटो काढणारे नेमके तेच! त्यांच्याकडून मूळ फाइली मागवल्या, त्याही व्हॉट्सअ‍ॅपवर 'Document' म्हणून. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो.

खरी करमणूक तारखांची. पेजवर चढवताना फोटोच्या पोटातली, कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख गळून पडते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचा एक फोटो घ्या. संगणक त्याची तारीख कालची दाखवतो, म्हणजे डाउनलोडची. सोबतच्या JSON फाइलमध्ये मात्र ही ओळ सापडते:

```
"creation_timestamp": 1325376000
```

हे 1 जानेवारी 1970 पासून मोजलेले सेकंद. हिशेब केला की आपल्याकडची वेळ निघते 1 जानेवारी 2012, पहाटे साडेपाच. (नववर्षाच्या पहाटे आमचे खजिनदार जागे का होते, हे विचारू नये.) पण ही वेळसुद्धा फोटो चढवल्याची. फोटोत सगळे रेनकोटात, कड्यावर धुकं, गवत गुडघाभर. जानेवारीत कुठलं? तो गेला 2011च्या पावसाळ्यात.

फोटोखालची मराठी ओळ त्याच फाइलमध्ये वाचायला गेलो तर नुसती भुताटकी. एकट्या 'म'चं `\u00e0\u00a4\u00ae` झालेलं! अक्षर हरवलेलं नसतं, त्याचे तीन बाइट सुटे सुटे लिहिलेले असतात; छोट्या प्रोग्रामने ते पुन्हा जोडता येतात. ती खटपट नको असेल तर HTML प्रतही मागवावी, तिच्यात मराठी सरळ वाचता येतं. आम्ही दोन्ही घेतल्या: वाचायला एक, तारखांना दुसरी.

मग प्रत्येक फाइलला `2011_harishchandragad_014.jpg` असं नाव, आणि शेजारी एक तक्ता: कोण, कुठे, फोटो कुणी काढला. एकेक प्रत दोन घरांतल्या दोन हार्ड डिस्कवर. तक्ता भरायलाच सर्वांत जास्त वेळ गेला, कारण नावं फोटोत नसतात, ती असतात खालच्या चेष्टामस्करीत. "डावीकडून तिसरा कोण रे, माकडटोपीवाला?" यावर त्या काळी झडलेलं भांडण आम्ही स्क्रीनशॉट काढून ठेवलं. तिथे दोघांनी "मीच तो" म्हटलंय आणि दोघेही अजून मागे हटत नाहीत. तक्त्यात दोन्ही नावं लिहिली आहेत, मध्ये तिरकी रेघ देऊन.